दप्तरातून येणारं पत्र



येत्या सोमवारी तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरातून एक पांढरा लिफाफा घरी येईल. डब्याच्या पिशवीत टाकला तर त्याला भाजीचं तेल लागतं, हे आम्ही गेल्या वर्षी शिकलो. म्हणून या वेळी दप्तरातच ठेवायला सांगितलं आहे. लिफाफ्यात एक पत्र, एक प्रश्नांचा कागद आणि एक कोरा लिफाफा असेल. शाळेतून पत्र आलं की ते आधी फ्रिजवर जातं, मग त्यावर दुधाचा हिशोब लिहिला जातो आणि शेवटी रद्दीत जातं. आमच्याही घरी असंच होतं. म्हणून ते पत्र आज आम्ही इथेच वाचून दाखवणार आहोत. ज्या आईला किंवा आजीला वाचायला जड जातं तिलाही ते ऐकता येईल.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. अमरावती आणि अकोल्यातल्या आम्ही काही आया आहोत, सोबत दोन निवृत्त शिक्षिका आणि एक अंगणवाडी सेविका आहे. दोन शाळांमध्ये मुलं शाळेत येतात कशी आणि घरी जातात कशी, याची आम्ही पाहणी करतो आहोत. एक शाळा अमरावती शहरातली आहे. दुसरी अकोला जिल्ह्यातली, मोठ्या रस्त्यालगतच्या गावची. शाळांची नावं रेडिओवर घेत नाही. ज्यांच्या घरी लिफाफा येईल त्यांना कळेलच.

हा आमचा दुसरा प्रयत्न आहे. पहिला फसला होता. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहानं कागद काढला. वर मुलाचं नाव, वर्ग, पालकाचा मोबाइल, ऑटोचा किंवा व्हॅनचा नंबर आणि खाली प्रश्न. कागद थोडेच परत आले, आणि आले त्यातल्या बहुतेकांवर एकच ओळ होती, ‘सर्व ठीक आहे.’ आता रोज सकाळी राजापेठच्या चौकात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर पाच मिनिटं उभं राहिलं, तर सर्व ठीक नाही हे कुणालाही दिसतं. ऑटोच्या मागच्या सीटवर मुलं, समोर ठोकलेल्या फळीवर मुलं, ऑटोवाल्याच्या दोन्ही बाजूंना मुलं आणि बाहेर हुकांना लटकलेली दप्तरं. मग कागदावर सगळं ठीक कसं?

उत्तर एका आईनंच दिलं. भाजीबाजारात भेटली, म्हणाली, ‘बाई, त्या कागदावर म्या ऑटोचा नंबर लिवला आन् त्याले समजलं, तर उद्या माह्या पोरीले शाळेत कोण नेईन? आमच्या वस्तीतून तो एकच ऑटो जाते.’ दुसरीचा ऑटोवाला तिच्या जावेचा भाऊ होता. तिसरीनं आमच्या तोंडावरच सांगितलं, की तुमचा कागद पोरानं वर्गशिक्षिकेच्या टेबलावर उघडा नेऊन ठेवला, मग त्यावर मी शाळेच्या गेटबद्दल काय लिहिणार?

त्या आया खोटं बोलत नव्हत्या. खरं लिहिलं तर त्यांचं नुकसान होईल, असा कागद आम्हीच त्यांच्या हातात दिला होता. ते सगळे कागद आम्ही न मोजता नष्ट केले आणि नव्यानं बसलो. या वेळी प्रश्नांच्या आधी आम्ही पत्र लिहिलं. आईला काय वचन द्यायचं आणि त्यातलं आपण काय पाळू शकू, हे आधी ठरवलं आणि त्या वचनात बसतील तेवढेच प्रश्न ठेवले. आता पत्र वाचते, आमच्यातल्याच एकीच्या आवाजात.

‘प्रिय पालक, सप्रेम नमस्कार.

आपलं मूल शाळेत कसं येतं आणि घरी कसं जातं, याची एक छोटी पाहणी आम्ही करत आहोत. आपण त्यात भाग घ्यावा, ही विनंती. भाग घेणं सक्तीचं नाही. कागद कोरा परत केलात तरी चालेल, केलाच नाहीत तरी चालेल. कुणी भरला आणि कुणी भरला नाही याची यादी आमच्याकडे नसेल आणि शाळेकडेही नसेल. आपल्या मुलाच्या गुणांवर, प्रवेशावर किंवा बसच्या जागेवर याचा काहीही परिणाम होणार नाही.

पाहणी कशासाठी, तर तीन गोष्टी समजून घेण्यासाठी. गाड्यांमध्ये मुलांची गर्दी किती असते. मुलं कुठे चढतात-उतरतात आणि तिथे रस्ता कसा ओलांडतात. शाळा सुटल्यावर गाडी येईपर्यंत ती किती वेळ आणि कुठे थांबतात. यातून निघालेले आकडे आम्ही शाळेच्या परिवहन समितीपुढे ठेवू. त्याचीच एक प्रत शाळेच्या फलकावर लावू, म्हणजे आपल्यालाही ते वाचता येतील.

या कागदावर मुलाचं नाव, आपलं नाव, मोबाइल नंबर, घराचा पत्ता आणि गाडीचा नंबर लिहू नये. आम्ही ते विचारलेलंच नाही. वर्गाऐवजी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे तीन गट दिले आहेत, त्यांतल्या एकावर खूण करावी. उत्तरं खूण करून द्यायची आहेत, अक्षर ओळखू येईल असं लिहायचं नाही. शेवटी दोन ओळींची मोकळी जागा आहे. तिथे काही लिहिलंत, तर आम्ही ते आमच्या शब्दांत उतरवून घेऊ. आपला कागद शाळेतल्या कुणालाही दाखवला जाणार नाही.

भरलेला कागद सोबतच्या कोऱ्या लिफाफ्यात घालून चिकटवावा आणि शाळेच्या फाटकाजवळच्या कुलपाच्या पेटीत टाकावा. पेटीची किल्ली आमच्याकडे आहे. पेटी दोन आठवड्यांनी, पालकांच्या एका प्रतिनिधीसमोर उघडली जाईल. मोजणी झाल्यावर, जास्तीत जास्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, सगळे कागद फाडून नष्ट केले जातील.

एक गोष्ट आधीच सांगणं आवश्यक आहे. कागदावर नाव नसल्यामुळे, एकदा पेटीत टाकलेला कागद परत मागितलात तर तो आम्हाला ओळखता येणार नाही. म्हणून टाकण्यापूर्वी ठरवावं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाडीत किंवा वाटेत कुणी आपल्या मुलाला वाईट हेतूनं हात लावत असेल, धमकावत असेल, त्रास देत असेल, तर ते या कागदावर लिहून थांबू नये. हा कागद पेटीत दोन आठवडे पडून राहील. त्याच दिवशी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करावा, किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला जावं. अशी गोष्ट कागदावर लिहिलेली आढळली, तर ती पोलिसांना कळवणं आम्हाला कायद्यानं बंधनकारक आहे. तेवढ्यापुरतं गुप्ततेचं वचन आम्ही देऊ शकत नाही.

आपल्या वेळेबद्दल आभार.’

पत्र एवढंच. आता यातल्या काही ओळी अशा का लिहिल्या, ते सांगतो. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्यात सर्वांत जास्त वाद त्याच ओळींवर झाला.

आमच्यातल्या दोघीतिघींचं म्हणणं होतं, की एवढं घाबरवणारं वाक्य पत्रात कशाला? ‘तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ असं एक वाक्य लिहून मोकळं व्हावं. ऐकायला ते गोड वाटतं. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२ चा जो कायदा आहे, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याच्या १९ व्या कलमानं असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधन आहे. न कळवणं हा स्वतःच गुन्हा ठरतो. म्हणजे ‘पूर्णपणे गुप्त’ हे वाक्य खोटं झालं असतं. समजा एखाद्या आईनं त्या वाक्यावर विसंबून मन मोकळं केलं आणि दोन आठवड्यांनी तिच्या वस्तीत पोलीस चौकशीला आले, तर तिनं आम्हाला काय म्हणावं? आणि उलट बाजूनं पाहा. कागदावर नाव नाही, गाडीचा नंबर नाही. म्हणजे ते वाचूनही आम्हाला त्या लेकरापर्यंत लगेच पोचता येणार नाही. अशा गोष्टीसाठी ही पेटी हे चुकीचं दार आहे, म्हणून खरं दार कुठलं ते पत्रातच सांगितलं. वाद तिथे मिटला.

आता नावं. पुष्कळ जणी विचारतील, की नाव नको, पण निदान ऑटोचा नंबर तरी घ्या न, म्हणजे आरटीओला देता येईल. अमरावतीत एमएच २७ आणि अकोल्यात एमएच ३० च्या पाट्या लावलेले ते ऑटो रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातात. नंबर मिळवणं काही अवघड नाही. पण नंबर घेतला की पाहणीची तक्रार होते. तक्रार करायलाच हवी तिथे ती करावी, त्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो कुणीही बंद केलेला नाही. मात्र तक्रारीचा कागद आणि मोजणीचा कागद एक केला, की ज्या आईकडे दुसरी गाडीच नाही ती गप्प बसते. मग आपल्याकडे फक्त त्यांचेच कागद येतात ज्यांच्या दारी दोन ऑटो आणि एक बस आहे. सर्वांत अडचणीतली मुलं मोजणीतून गळतात. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं.

शिवाय सगळा दोष ऑटोवाल्यावर टाकावा असं आम्हाला वाटत नाही. ऑटोचा परवाना तीन प्रवाशांचा असतो, हे त्यालाही माहीत आहे. पण त्याचं पेट्रोल, हप्ता आणि घर चालवायला महिन्याला जे लागतं ते बसलेल्या मुलांत वाटलं जातं. मुलं कमी केली की प्रत्येकीचा वाटा वाढतो, आणि तो वाढवायची आपल्यातल्या कितीजणींची तयारी आहे? हाही एक प्रश्न कागदावर आहे. गर्दी कमी होणार असेल तर महिन्याला थोडे जास्त पैसे द्याल का, असा. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर लाजू नका, ‘नाही’ वर खूण करा. समितीला तेही कळायला हवं.

गर्दीचा प्रश्न आम्ही कसा विचारला ते ऐका, त्यात एक गंमत आहे. गेल्या वेळी विचारलं होतं, ‘तुमच्या मुलाच्या ऑटोत किती मुलं असतात?’ एकाच ऑटोबद्दल एका आईनं लिहिलं तीन आणि दुसरीनं लिहिलं अकरा. आधी वाटलं, एक जण खोटं लिहिते. मग कळलं, दोघीही खऱ्या. पहिलीचं घर ऑटोच्या वाटेवर सुरुवातीला आहे. तिच्या दारी ऑटो येतो तेव्हा आत दोनच मुलं असतात, तिचं तिसरं. दुसरीचं घर शेवटी, शाळेच्या जवळ. तिच्या दारी ऑटो भरून येतो. पहिली आई रोज मुलाला मोकळ्या ऑटोत बसवते आणि निश्चिंत होते. तिचं मूल मात्र सर्वांत लांबचा प्रवास त्याच गर्दीत करतं, आणि ती गर्दी तिनं कधी पाहिलेलीच नसते. म्हणून या वेळी प्रश्न असा आहे: ‘शाळेत पोचल्यावर तुमच्या गाडीतून एकूण किती मुलं उतरतात? मुलाला मोजायला सांगा आणि तो आकडा लिहा.’ लहान मुलांना हे काम फार आवडतं. आमच्यातल्या एकीची नात आता घरी आल्या आल्या आकडा सांगते, दप्तर नंतर टाकते.

‘प्रवास सुरक्षित वाटतो का?’ असा प्रश्न कागदावर कुठेच नाही. तो मुद्दाम काढला. आपण रोज ज्या गाडीत लेकराला बसवतो ती असुरक्षित आहे, असं स्वतःच्या हातानं लिहिणं कुठल्या आईला जमेल? मन ‘हो’ म्हणायला लावतं. म्हणून वाटण्याबद्दल विचारलं नाही, घडलेल्याबद्दल विचारलं, आणि तेही गेल्या पाच शाळेच्या दिवसांपुरतं. पाच दिवसांतल्या किती दिवशी मुलगा समोरच्या फळीवर बसला? किती दिवशी रस्ता ओलांडताना मोठं माणूस सोबत होतं? शाळा सुटल्यावर गाडीची सर्वांत जास्त वाट कितीवेळ पाहावी लागली? पाच दिवसांचं बहुधा आठवतं. ‘साधारणपणे’ विचारलं की माणूस चांगला दिवस आठवतो.

दुचाकीचा एक प्रश्न आहे आणि तो आपल्यालाच टोचणारा आहे. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवंच, हा कायदा आहे. चारच्या आतल्या मुलासाठी २०२३ पासून हेल्मेटसोबत चालकाला बांधून घ्यायचा पट्टाही हवा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. गेल्या पाच दिवसांत किती दिवस मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होतं? आम्ही हा कागद आधी आमच्याच घरी भरून पाहिला. चौघींपैकी दोघींनी शून्यावर खूण केली, आणि नाव लिहायचं असतं तर केली नसती, हे दोघींनीही कबूल केलं.

अकोल्याकडच्या शाळेसाठी रस्ता ओलांडण्याचा प्रश्न थोडा मोठा ठेवला आहे. तो अमरावती-अकोला महामार्ग तुम्हाला ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये त्याच्या ७५ किलोमीटरच्या पट्ट्यावर सलग डांबरीकरण झालं, १०५ तास ३३ मिनिटांत, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला याचा आम्हालाही आनंद आहे, मूर्तिजापूरहून येताना कंबर दुखायची ती थांबली. पण गुळगुळीत रस्त्यावर गाडी वेगात येते, आणि एसटीतून किंवा काळी-पिवळीतून फाट्यावर उतरलेलं मूल पलीकडच्या शाळेत जायला तोच रस्ता ओलांडतं. म्हणून ‘कुठे उतरता’ याला आम्ही गावाचं नाव विचारलं नाही. शाळेच्याच बाजूला की पलीकडच्या बाजूला, एवढंच विचारलं. समितीला थांबा हलवायचा की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं, आणि कुणाचं लेकरू कुठल्या गावचं हे त्यातून कळत नाही.

कुणी म्हणेल, गावाचं नाव लिहिलं तर काय बिघडतं? नाव तर लिहिलेलं नाही. इथे जरा थांबून उदाहरण पाहू. समजा आम्ही फलकावर असा तक्ता लावला, की अमुक गाव, आठवी ते दहावी, मुली, ऑटोनं येणाऱ्या: एक. आणि पुढे लिहिलं, की ती संध्याकाळी एक तास एकटी फाट्यावर थांबते. आता गावात त्या वर्गांत ऑटोनं जाणारी मुलगी एकच असेल, तर तिचं नाव लिहायची गरजच काय? अख्ख्या गावाला ती कळली, आणि ती रोज कुठे एकटी उभी असते हेही कळलं. तिला मदत करायला निघालो आणि तिलाच उघडं पाडलं. म्हणून आमचा नियम आहे, की ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी मुलं असतील तो आकडा फलकावर जाणार नाही. त्याला शेजारच्या गटात मिळवू.

यातही एक खाच आहे, ती आमच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी दाखवली. समजा एकूण १४ मुलं असं छापलं, त्याखाली एका गटात ६, दुसऱ्यात ५ आणि तिसरा रकाना ‘लपवला’ म्हणून कोरा ठेवला. चौथीतलं पोरही वजाबाकी करून सांगेल, तिथे ३ आहेत. म्हणून नुसता एक रकाना झाकून भागत नाही. गटच एकत्र करावे लागतात. पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी मिळून एकच आकडा द्यावा लागला तर तसा देऊ. त्यात माहिती थोडी बोथट होते. होऊ दे.

मग हे सगळं मोबाइलवर का नाही, असं तरुण आयांनी विचारलं. वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकली की दोन दिवसांत काम झालं असतं. खरं आहे. पण पुष्कळ घरांत फोन एकच, तो बाबांकडे किंवा मोठ्या मुलाकडे. आईच्या आधी तेच वाचतात आणि तेच भरतात. काही ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल पत्ताही टिपून घेतात, आणि भरणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. शिवाय कुणीतरी भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ग्रुपवर टाकतंच. तेवढी एक विनंती आहे, या कागदाचा भरल्यावर फोटो काढू नका आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

कायद्याचंही थोडं सांगतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे, आणि मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची खातरजमा करता येईल अशी संमती घ्यायला सांगितली आहे. माहिती कशासाठी घेतो हे कळवणारी सूचना मराठीत मागण्याचाही हक्क आहे. कागदावरची माहिती संगणकात गेली की तीही या कायद्याच्या कक्षेत येते. आमच्या संगणकात जाणार आहेत त्या फक्त खुणा, कुणाच्याही नावाशिवाय. म्हणून आम्ही नाव न घेण्याचा मार्ग धरला. जे घेतलंच नाही ते हरवत नाही, चोरीला जात नाही आणि कुणी मागितलं तरी देता येत नाही.

याची किंमतही आहे. एखादीनं दोनदा कागद भरून टाकला तर ते आम्हाला कळणार नाही. कुणी भरला नाही हे माहीत नसल्यामुळे आठवण करून द्यायची तर सगळ्यांनाच करावी लागेल, भरलेल्यांनाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात ‘कागद टाकला का?’ अशी चिठ्ठी आली तर रागावू नका. घरात दोन मुलं शाळेत असतील तर दोन लिफाफे येतील. दोन्ही वेगवेगळे भरा, कारण धाकटा ऑटोत आणि थोरली सायकलवर असं पुष्कळ घरांत असतं.

ही मोजणी ऑगस्टमध्येच का, तर आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस सुरू होतात. जुलैभर ऑटो, व्हॅन आणि पास यांची जुळवाजुळव चालते. ऑगस्टमध्ये गाडी ठरलेली असते आणि पाऊसही असतो, म्हणजे ऑटोचे पडदे खाली आणि आतलं काही बाहेरून दिसत नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा झाल्यावर चित्र वेगळं असतं. तेव्हा जमलं तर एकदा छोटी मोजणी पुन्हा करू.

आता आकडे जातील कुठे? शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ साली नियम झाले. बसचा पिवळा रंग, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, मुलींसाठी महिला मदतनीस, वेगाला मर्यादा, हे सगळं त्यातून आलं. त्याच नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं ठरवलं. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी असतात. तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावी लागते. तुमच्या शाळेच्या समितीत पालकांचा प्रतिनिधी कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? हाही प्रश्न कागदावर आहे, अगदी शेवटचा. ‘माहीत नाही’ असाही पर्याय दिला आहे, आणि आमच्या अंदाजानं पुष्कळ खुणा तिथेच पडतील.

समितीपुढे आम्ही नुसतं ‘मुलांचे हाल होतात’ असं म्हटलं तर चहा होतो आणि बैठक संपते. पण इतक्या मुलांना शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाहून जास्त गेटबाहेर थांबावं लागतं, असं आकड्यानं म्हटलं, तर तेवढा वेळ गेटच्या आत सावलीत बसू द्या आणि एक शिक्षक थांबवा, ही मागणी टाळणं अवघड जातं. तिला पैसाही लागत नाही. थांबा रस्त्याच्या अलीकडे आणायचा असेल तर तसं पत्र समितीनंच एसटीला द्यायचं असतं. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस ज्या मार्गांवर धावतात, तिथे वेळ शाळेच्या सुटण्याशी जुळते की नाही, हेही कागदावर विचारलं आहे. काही गोष्टी समितीच्या हातात नाहीत. ऑटोतली फळी एका बैठकीनं निघणार नाही, आणि पत्रात आम्ही तसं वचनही दिलेलं नाही.

ज्यांना आमच्याशी बोलायचंच आहे, त्यांच्यासाठी पत्राच्या तळाशी फाडून द्यायची एक चिठ्ठी आहे. तिच्यावर नाव आणि फोन लिहा, पण ती प्रश्नांच्या कागदासोबत लिफाफ्यात घालू नका. तिची पेटी वेगळी, हिरव्या रंगाची. पांढऱ्या लिफाफ्याची पेटी लाल आहे. दोन्ही एकत्र आल्या तर नाव आणि उत्तरं जुळतील, आणि एवढा सगळा खटाटोप वाया जाईल. चुकून तसं झालंच, तर लिफाफा उघडणारी बाई चिठ्ठी आधी वेगळी काढून उलटी ठेवेल, असं आम्ही आपसांत ठरवलं आहे. चिठ्ठ्या आम्ही संगणकात घालणार नाही. तुमच्याशी बोलणं झालं की चिठ्ठी तुमच्यासमोर फाडू.

लिफाफा सोमवारी येईल. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांनी शनिवारी दुपारी अंगणवाडीत या, आमच्यातली एक तिथे बसलेली असेल. ती प्रश्न वाचेल, खूण मात्र तुम्हीच करायची, कागद तिच्याकडे न वळवता. आणि मुलाला उद्यापासून मोजायला सांगा, शाळेच्या फाटकावर उतरताना, आपला स्वतःचा धरून.